तीनशे एकाव्या युनिटाची किंमत

‘सावधान! महिन्याचे युनिट ३०० च्या पुढे एक जरी गेले, तरी सगळ्या युनिटांना वरचा दर लागतो आणि बिल दीडपट होते. म्हणून ३०० जवळ आले की फ्रिज, एसी बंद ठेवा. रीडिंग घेणारे मुद्दाम चार दिवस उशिरा येतात ते यासाठीच. सर्वांना पाठवा.’

हा संदेश परळला राहणाऱ्या माझ्या आत्याने खरा मानला आणि मीटरवरचा आकडा बघून, महिना संपायला चार दिवस असताना फ्रिज बंद केला. दूध नासले, भाजी गेली, आणि त्यातून तिचे नेमके किती रुपये वाचले हे कोणीही तिला सांगितले नाही. ते सांगणे अवघड नाही, फक्त बेरीज योग्य क्रमाने करावी लागते.

महाराष्ट्रात घरगुती विजेचे दर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवतो. मुंबईत बेस्ट, अदानी, टाटा पॉवर आणि भांडुप-मुलुंड भागात महावितरण वीज पुरवते. प्रत्येकाचे दर वेगळे असले, तरी आयोगाच्या दर आदेशातील तक्त्याची रचना सारखीच आहे: १ ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर. या तक्त्यात ‘१०१ ते ३००’ समोर लिहिलेला दर फक्त एकशे एकाव्या ते तीनशेव्या युनिटासाठी असतो. त्याआधीच्या शंभर युनिटांचा दर त्यामुळे बदलत नाही. प्रत्येक टप्प्यात जेवढी युनिटे पडली तेवढ्यांनाच त्या टप्प्याचा दर लावायचा आणि मग सर्व टप्प्यांच्या रकमा मिळवायच्या, इतकाच त्याचा अर्थ आहे.

गणित सोपे राहावे म्हणून गोल आकडे धरू. आपल्या वितरकाचे चालू दर बिलावरून घेता येतील. पहिल्या शंभर युनिटांना ५ रुपये, पुढच्या टप्प्याला ८ रुपये आणि ३०० च्या पुढे ११ रुपये असा दर आहे असे समजा. वापर ३४० युनिटे झाला. पहिल्या टप्प्यात १०० युनिटे, म्हणजे ५०० रुपये. दुसऱ्या टप्प्यात २०० युनिटे, म्हणजे १,६०० रुपये. उरलेली ४० युनिटे तिसऱ्या टप्प्यात, म्हणजे ४४० रुपये. वीज आकाराची बेरीज २,५४० रुपये होते. संदेशाच्या पद्धतीने ३४० ला सरसकट ११ ने गुणले, तर ३,७४० रुपये येतात, म्हणजे न वापरलेल्या विजेचे १,२०० रुपये नुसत्या चुकीच्या गुणाकारातून उभे राहतात.

हिशेब करताना आणखी एक चूक होते, ती सावध माणसांकडूनही. दुसऱ्या टप्प्याच्या शेवटी ३०० हा आकडा दिसतो, म्हणून ३०० युनिटांना ८ रुपये लावले जातात, आणि पहिली शंभर युनिटे दोनदा मोजली जातात. पडताळणी साधी आहे. टप्प्यांमध्ये वाटलेल्या युनिटांची बेरीज एकूण वापराइतकीच आली पाहिजे: १००, २०० आणि ४० मिळून ३४०. ही बेरीज जुळली नाही, तर रुपयांकडे बघूच नये.

यानंतर इतर आकार येतात. वीज घरापर्यंत वाहून आणण्याचा वहन आकार प्रत्येक युनिटाला सारखाच असतो. तो २ रुपये धरला, तर ३४० युनिटांचे ६८० रुपये होतात. स्थिर आकार १३० रुपये धरू. आता एकूण ३,३५० रुपये झाले आणि त्यावर घरगुती ग्राहकाचे १६ टक्के विद्युत शुल्क, म्हणजे ५३६ रुपये. बिल ३,८८६ रुपयांचे झाले. प्रत्यक्ष बिलात इंधनाच्या खर्चातल्या चढउतारापोटी लागणारा इंधन समायोजन आकारही असू शकतो. उदाहरणात तो सोडला आहे. शुल्क शेवटी, संपूर्ण बेरजेवर लागते, म्हणून अनेकांना शेवटचा आकडा अचानक फुगल्यासारखा वाटतो आणि त्याचा दोष टप्प्यांना दिला जातो.

आता त्या तीनशे एकाव्या युनिटाकडे वळू, कारण सगळी भीती त्याचीच आहे. याच दरांनी ते एक युनिट ११ रुपये वीज आकार आणि २ रुपये वहन आकार घेऊन येते. १६ टक्के शुल्क धरून त्याची किंमत १५ रुपये ८ पैसे होते. संदेश खरा असता, तर ३०० युनिटांचा वीज आकार २,४०० आणि ३०१ चा ३,३११ रुपये झाला असता, म्हणजे केवळ वीज आकारापोटी त्या एका युनिटाला ९११ रुपये पडले असते. ज्यांच्याकडे २९५ ते ३१० च्या दरम्यानची दोन जुनी बिले असतील, त्यांनी ती शेजारी ठेवून फरक पाहावा. दर बदललेले नसतील, तर अशी उडी त्यांत कुठेही सापडणार नाही.

घरगुती फ्रिज दिवसाला साधारण एक ते सव्वा युनिट घेतो. चार दिवसांची पाच युनिटे धरली आणि ती सगळी ३०० च्या पलीकडची मानली, तरी बचत ७५ रुपयांच्या आसपास होते. एवढ्यासाठी वयस्कर माणसांना फ्रिज बंद ठेवायला सांगणे, आणि ज्यांच्या फ्रिजमध्ये इन्सुलिन असते त्यांच्यापर्यंतही तोच सल्ला पोहोचवणे, हे मला अत्यंत बेजबाबदारपणाचे वाटते.

या संदेशात सत्याचा एक तुकडा आहे, तो नाइलाजाने मान्य करतो. मुंबईतल्या काही वितरकांच्या दरपत्रकात स्थिर आकार एकूण वापर कोणत्या टप्प्यात गेला यावर ठरतो, आणि तो पूर्ण रकमेनेच बदलतो. ही उडी मात्र दोन आकडी रुपयांची असते, हजाराची नव्हे. केरळमध्ये तर संदेशातल्यासारखी पद्धत खरोखरच आहे: तिथे महिन्याला २५० युनिटांपर्यंत टप्पेवार आकारणी होते, आणि त्यापुढे वापर गेला की सगळ्याच युनिटांना एक दर लागतो. तिथला नियम इथे चिकटवून मुंबईकरांना घाबरवणे चूक आहे.

उशिरा रीडिंगचा आरोप राहिला. बिलाचा कालावधी लांबला, तर टप्प्यांची मर्यादाही त्या प्रमाणात वाढवून मोजायची असते. तीस दिवसांसाठी ३०० ही सीमा असेल, तर तेहतीस दिवसांसाठी ती ३३० होते. २०२० च्या टाळेबंदीत मीटर वाचन थांबले आणि जूनमध्ये एकत्र बिले आली, तेव्हा हाच प्रश्न उठला होता आणि महावितरणने वापर महिन्यांमध्ये विभागून टप्प्यांचा लाभ दिल्याचा खुलासा केला होता. तरीही शंका असेल, तर बिलावरील मागील आणि चालू वाचनाच्या तारखांमधले दिवस मोजावेत, सीमा त्या प्रमाणात वाढवून वरची बेरीज पुन्हा करावी, आणि फरक आला तर तो हिशेब लिहून वितरकाच्या ग्राहक तक्रार निवारण कक्षाकडे द्यावा. तिथे दाद मिळाली नाही, तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे आणि त्याच्याही वर विद्युत लोकपाल आहेत.