टी४ जास्त, टीएसएच नॉर्मल: प्रत्येक वेळी गाठच असते का?

“टी३, टी४ वाढलेत आणि टीएसएच खाली गेला नाही, म्हणजे पिट्युटरीची गाठ नक्की. एमआरआयमध्ये ठिपका दिसला की ऑपरेशन करा. तोवर थायरॉईड उतरवायची गोळी चालू ठेवा.” (जळगाव-धुळ्याच्या ग्रुपांवर फिरणारा मेसेज)

मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी टीएसएच सोडते आणि त्याच्या हुकमावर थायरॉईड टी३, टी४ ही हार्मोनं बनवते. ती वाढली की एरवी टीएसएच खाली जातो. टीएसएच बनवणारी पिट्युटरीची गाठ असते, पण दहा लाखांत एखाद्याला. थायरॉईड हार्मोनला शरीराने नीट दाद न देण्याचा जन्मजात दोष तिच्यापेक्षा बराच जास्त आढळतो, साधारण चाळीस हजारांत एकाला. बहुतेकांत टीएचआरबी नावाचं जनुक बिघडलेलं असतं. पिट्युटरीला हार्मोन कमीच जाणवतं, म्हणून ती टीएसएच सोडत राहते आणि थायरॉईड जास्त काम करते. हृदयातला हार्मोन ओळखणारा रिसेप्टर मुख्यतः वेगळा असतो आणि तो शाबूत असतो, त्यामुळे धडधड मात्र खरी असते.

समजा, चाळीसगावच्या २६ वर्षांच्या मुलीचा फ्री टी४, म्हणजे रक्तातला मोकळा टी४, २.६ आला (नॉर्मल ०.८ ते १.८) आणि टीएसएच ३.१. आधी रिपोर्ट खरा आहे का ते बघायचं. रक्तातल्या काही अँटीबॉडी मशीनला फसवतात, म्हणून दुसऱ्या कंपनीच्या मशीनवर पुन्हा तपासायचं. थायरॉक्सिन ही थायरॉईड हार्मोनची गोळी चालू असलेल्या पेशंटने चुकलेल्या गोळ्या तपासणीआधी भराभर घेतल्या तरी असाच रिपोर्ट येतो.

आकडे तेच राहिले, तर आई-वडील आणि भावंडांचं रक्त तपासायचं. ही सगळ्यात स्वस्त आणि बोलकी पायरी आहे, तरी तीच वगळली जाते. आईचाही फ्री टी४ २.४ आणि टीएसएच २.८ निघाला, तर गाठीची शक्यता जवळपास संपते. मग टीएचआरबीची जनुक तपासणी. घरचे सगळे नॉर्मल असले तरी दोष नव्याने उद्भवलेला असू शकतो. तेव्हा रक्तातलं एसएचबीजी नावाचं प्रथिन आणि टीएसएचचा अल्फा सबयुनिट हा तुकडा तपासतात. गाठीत दोन्ही बहुधा वाढतात, या दोषात सहसा नाही. गर्भनिरोधक गोळ्यांनीही एसएचबीजी वाढतं, ते विचारून घ्यावं.

एमआरआय यानंतर. धडधाकट माणसांतही साधारण दहातल्या एकाला पिट्युटरीत निरुपद्रवी ठिपका दिसतो. त्यावरून नाकावाटे ऑपरेशन करणं अन्याय आहे.

गोळीचा सल्ला सर्वांत घातक. या दोषात कार्बिमॅझोल हे थायरॉईड उतरवायचं औषध दिलं की टीएसएच आणखी चढतो, गलगंड वाढतो आणि टीएसएच बनवणाऱ्या पेशी फुगून पिट्युटरीच मोठी दिसू लागते. म्हणजे नसलेल्या गाठीचा पुरावा औषधानेच तयार होतो. रेडिओआयोडीन म्हणजे किरणोत्सारी आयोडीनने थायरॉईड जाळली तरी तेच. खऱ्या गाठीला ऑपरेशन किंवा ऑक्ट्रिओटाइडसारखी इंजेक्शनं लागतात. या दोषात अनेकांना औषधच लागत नाही. धडधडीला डॉक्टर प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी देतात.

त्या मुलीच्या प्रत्येक मुलात हा दोष उतरण्याची शक्यता निम्मी. बाळाचा फक्त टीएसएच तपासला तर तो निसटू शकतो, सोबत फ्री टी४ हवाच.