पेंग्विनच्या उलटलेल्या रेषेबद्दलचा दावा: तीन मुद्दे, तीन हरकती

«पेंग्विनचा आलेख पाहा. सगळे पक्षी एकत्र घेतले तर चोच जितकी लांब तितकी तिची जाडी कमी. प्रजाती वेगळ्या केल्या की तिन्ही रेषा वर जातात. म्हणजे पहिली रेषा चक्क खोटी होती. नियम सोपा आहे: गट पाडल्यावर रेषा उलटली तर गटांचंच ऐकायचं. आणि जितके जास्त गट, तितके आपण सत्याच्या जवळ.»

‘पहिली रेषा खोटी’

हे मोजमाप अंटार्क्टिकातल्या पामर द्वीपसमूहावर २००७ ते २००९ या काळात झालं. क्रिस्टन गॉर्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन बेटांवरच्या अ‍ॅडेली, चिनस्ट्रॅप आणि जेंटू या तीन प्रजातींची मोजमापं घेतली. एकूण ३४४ पक्षी, त्यांपैकी ३४२ जणांच्या चोचीचं माप उपलब्ध आहे. R या संगणकभाषेत कुणालाही पडताळून पाहता येईल:

```r
library(palmerpenguins)
lm(bill_depth_mm ~ bill_length_mm, data = penguins)
lm(bill_depth_mm ~ bill_length_mm + species, data = penguins)
```

`lm` च्या पहिल्या ओळीतून लांबीचा उतार उणे ०.०८५ येतो, दुसरीतून अधिक ०.२०. दोन्ही आकडे बरोबर आहेत. गणित कुठेही चुकलेलं नाही, माहितीतही दोष नाही.

मग चिन्ह का बदललं? प्रत्येक प्रजातीची सरासरी पाहा. अ‍ॅडेलीची चोच ३८.८ मिमी लांब आणि १८.३ मिमी जाड. चिनस्ट्रॅपची ४८.८ मिमी लांब, पण जाडी जवळपास तेवढीच, १८.४ मिमी. जेंटूची ४७.५ मिमी लांब आणि फक्त १५ मिमी जाड. म्हणजे लांबीत दोन वेगवेगळे फरक मिसळलेले आहेत: एक, एकाच प्रजातीतल्या दोन पक्ष्यांमधला, आणि दुसरा, प्रजातींच्या सरासऱ्यांमधला. या ३४२ पक्ष्यांच्या लांबीत जो एकूण पसारा (व्हेरियन्स) आहे, त्याचा साधारण २९ टक्के भाग प्रजातींच्या आतला आहे आणि ७१ टक्के प्रजातींमधला. आतला उतार सुमारे अधिक ०.२०, सरासऱ्यांमधला सुमारे उणे ०.२०. एकत्रित रेषा या दोन उतारांची याच वजनांनी काढलेली सरासरी असते: ०.२९ × ०.२० मधून ०.७१ × ०.२० वजा केले की उणे ०.०८ च्या आसपास उत्तर येतं. रेषा उलटली ती एवढ्यामुळे.

उलटण्याचं बरंचसं श्रेय एकट्या जेंटूचं आहे. जेंटू बाजूला ठेवून फक्त अ‍ॅडेली आणि चिनस्ट्रॅप एकत्र केले, तर एकत्रित रेषाही किंचित वरच जाते. ती चपटी होते, पण उलटत नाही.

यातून एकत्रित रेषेचा खरा दोष दिसतो, आणि तो खोटेपणा नाही. तिचा उतार कोणत्या प्रजातीचे किती पक्षी मोजले यावर अवलंबून आहे. या नोंदींत जेंटू फक्त बिस्को बेटावर आहेत, चिनस्ट्रॅप फक्त ड्रीम बेटावर, आणि अ‍ॅडेली तिन्ही बेटांवर. बिस्कोवर अर्धेच पक्षी मोजले असते तर उतार वेगळा आला असता. म्हणून ‘पक्ष्याची चोच वाढते तशी ती बारीक होते’ असं जीवशास्त्रीय विधान तिच्यावरून करता येत नाही. पण याच मिश्रणातून एक पक्षी उचलला, प्रजाती सांगितली नाही, फक्त लांबी सांगितली, तर जाडीचा सरळ रेषेतला सर्वांत चांगला अंदाज तीच रेषा देते. अंदाज कमकुवत आहे (जाडीतल्या फरकाचा जेमतेम साडेपाच टक्के भाग ती समजावते), पण त्या प्रश्नाचं उत्तर तेच आहे.

‘गटांचंच ऐकायचं’

हा मुद्दा मला सर्वांत घातक वाटतो, कारण तो पेंग्विनपुरता चालतो आणि मग माणसांच्या आरोग्यावर लावला जातो. पेंग्विनची प्रजाती चोचीच्या आधी ठरते. लांबी आणि जाडी दोन्ही तिच्यामागून येतात, म्हणून तिथे गट पाडणं योग्य आहे. पण गट पाडणारी गोष्ट स्वतःच परिणाम असेल तर?

१९७१ मध्ये जेकब येरुशाल्मी यांनी कॅलिफोर्नियातल्या जन्मांच्या नोंदींवरून एक विचित्र गोष्ट दाखवली. कमी वजनाच्या बाळांमध्ये, धूम्रपान करणाऱ्या आईच्या बाळांचा मृत्युदर न करणाऱ्या आईच्या बाळांपेक्षा कमी होता. पुढे १९९१ च्या अमेरिकेतल्या राष्ट्रीय नोंदींतही तेच दिसलं: सगळी बाळं एकत्र घेतली तर धूम्रपान करणाऱ्या आयांच्या बाळांचा मृत्युदर १.५५ पट, पण फक्त कमी वजनाच्या गटात ०.७९ पट. कल उलटला. दाव्यातला नियम लावला तर गटाचं ऐकून सिगारेट नाजूक बाळाला वाचवते असं म्हणावं लागेल.

खरं कारण असं की कमी वजन हा धूम्रपानाचाच एक परिणाम आहे. बाळाचं वजन कमी असण्याची इतरही कारणं असतात, उदाहरणार्थ जन्मजात व्यंग, आणि त्यांतली काही कितीतरी जास्त जीवघेणी असतात. कमी वजनाच्या गटात आई सिगारेट ओढणारी नसेल, तर वजन कमी असण्यामागे असं गंभीर कारण असण्याची शक्यता वाढते. ही विषम तुलना आपण स्वतः गट पाडून निर्माण केली. इथे एकत्रित आकड्याचं ऐकायला हवं.

हा निवाडा आलेख बघून होत नाही. दोन्ही ठिकाणी चित्र सारखंच दिसतं: एकत्र एक दिशा, गटात उलटी. फरक कळतो तो गटाची खूण आधी ठरते की नंतर, हे विषय जाणणाऱ्याला विचारल्यावर.

‘जितके जास्त गट’

त्याच पेंग्विनकडे परत येऊ. अ‍ॅडेलीची रेषा ०.१८ उताराने वर जाते, आणि पुष्कळ जण तिथेच थांबतात. आता अ‍ॅडेलीतही नर आणि मादी वेगळे करा. मादीची चोच सरासरी ३७.३ मिमी लांब, १७.६ जाड, नराची ४०.४ लांब, १९.१ जाड. नर दोन्ही मापांत मोठा आहे. अ‍ॅडेलीच्या चढत्या रेषेचा बहुतेक भाग एवढ्यानेच बनलेला आहे: लिंग लक्षात घेतलं की उतार घसरून शून्याच्या अगदी जवळ, सुमारे ०.०३ वर येतो. ज्या रेषेला दावा ‘खरी’ म्हणतो, तीही मुख्यतः दोन गटांच्या सरासऱ्या जोडणारीच रेषा निघाली. गॉर्मन यांचा मूळ अभ्यास तर नर-मादींतल्या फरकाचाच होता, आणि लिंग त्यांनी रक्ताच्या नमुन्यातल्या डीएनएवरून ठरवलं होतं.

म्हणजे अजून गट पाडत गेलं की सत्य सापडेल? नाही. आधी प्रश्न ठरवावा लागतो. ‘या प्रजातीत मोठ्या चोची दोन्ही बाजूंनी मोठ्या असतात का?’ याला प्रजातीवारी पुरे. ‘सारख्या लिंगाच्या दोन पक्ष्यांत काय?’ याला लिंगही हवं. बेट आणि वर्ष जोडायचं तर त्यालाही कारण हवं, कारण प्रत्येक विभागणीची किंमत असते. टॉर्गरसन बेटावरच्या अ‍ॅडेली माद्या २४ आहेत. तीन वर्षांत वाटल्या तर वर्षाला सरासरी आठ. आठ पक्ष्यांवरून काढलेल्या उताराची प्रमाण त्रुटी, म्हणजे त्यातली अनिश्चितता, ०.१७ च्या घरात जाते, म्हणजे जवळपास अख्ख्या अ‍ॅडेलीच्या उताराएवढी. अशा रेषेचं चिन्ह एखाद-दुसऱ्या पक्ष्यामुळेही बदलू शकतं.