एका ताऱ्याच्या अभिप्रायाला आमचं उत्तर

ग्राहकाचा अभिप्राय: «२ लाखांचं १२ टक्क्यांनी व्याज काढून मागितलं. साधा हिशेब, पण शंभर प्रश्न विचारले. आधी ७२,००० सांगितले, दोन दिवसांनी ८५,१५२. एका रात्रीत १३ हजार वाढवले. १५० रुपये वाया. लोकांनी सावध राहावं.»

नमस्कार दादा,

तुम्हाला दोन आकडे मिळाले आणि त्यामुळे समोरच्या माणसापुढे अवघडल्यासारखं झालं, त्याबद्दल मनापासून माफी मागते. पहिला कागद देताना तो काय धरून काढला आहे ते त्यावर लिहायला हवं होतं. ते लिहिलं नाही ही चूक आमची.

पण «१३ हजार वाढवले» हे वाचून रात्री झोप लागली नाही. कोर्टाच्या रस्त्यावर बावीस वर्षं हिशेब आणि टायपिंगचं काम करते. कुणाचं व्याज वाढवून मला काय मिळणार? आकडा ७२ हजार असो की ८५, माझे दीडशेच. दुसऱ्या कागदाचे तर घेतलेच नाहीत.

तुमचा घरगुती व्यवहार मी इथे उघड करणार नाही. आकडे तुम्हीच लिहिलेत, म्हणून तेवढ्यावरच बोलते. रात्री पावणेदहाला तुमचा मेसेज आला: «२ लाख, १२ टक्के, जून २०२१ पासून. व्याज किती? अर्जंट.» सकाळी आमच्या दुकानात काम करणाऱ्या मुलीने फोन करून तीन गोष्टी विचारल्या: व्याज सरळ की चक्रवाढ, चक्रवाढ असेल तर किती महिन्यांनी, आणि कुठल्या तारखेपर्यंत. शंभर प्रश्न म्हणता ते हे तीन. तुम्ही म्हणालात, «अहो साधंच आहे, नेहमीसारखं लावा.» तुम्हाला म्हणायचं होतं की काम सोपं आहे. मुलीने «साधं» म्हणजे साधं व्याज, सरळव्याज, असं ऐकलं. आमच्या धंद्यात त्या शब्दाचा तोच अर्थ आहे. तिने मुदत तीन वर्षं धरली, वर्षाचे २४,००० प्रमाणे ७२,००० काढले आणि पाठवून दिले.

दोन दिवसांनी तुम्ही मूळ कागद घेऊन आलात. त्यात तारीख १५ जून २०२१, परतफेड १५ जून २०२४, आणि खाली बारीक अक्षरात एक ओळ होती: «दर तीन महिन्यांनी व्याज मुद्दलात मिळवावे.» त्या ओळीवर मी तुमच्यासमोर बोट ठेवून दाखवलं, आठवत असेल. सगळा फरक त्या एका ओळीचा आहे.

१२ टक्के वर्षाचे, म्हणजे तिमाहीचे ३ टक्के. पहिल्या तिमाहीत दोन लाखांवर ६,००० झाले. ते मुद्दलात गेले, म्हणून दुसऱ्या तिमाहीत २,०६,००० वर ६,१८० झाले. तिसऱ्या तिमाहीत २,१२,१८० वर ६,३६५ रुपये ४० पैसे. अशा बारा तिमाही झाल्या की रास २,८५,१५२ रुपये होते. त्यातून दोन लाख वजा केले की ८५,१५२ उरतात. दर तोच, मुद्दल तेच, मुदत तीच. मधे एकही हप्ता गेलेला नाही, हेही तुम्हीच सांगितलं होतं. कागदात वर्षाने चक्रवाढ लिहिली असती तर ८०,९८६ झाले असते, महिन्याने लिहिली असती तर ८६,१५४. मग आम्ही न विचारता यातला कुठला द्यायचा?

कुणी दिलेला हिशेब घरी तपासायचा असेल तर फक्त दुसऱ्या तिमाहीची ओळ बघा. तिथे पुन्हा ६,००० च असतील तर सरळव्याज. ६,१८० असतील तर तिमाही चक्रवाढ. मोठ्या बेरजा करायची गरज नाही.

आणि दादा, «नेहमीसारखं» असं व्याजात काही नसतं, हे मला फार कळकळीने सांगायचं आहे. बँकेच्या मुदत ठेवीवर बहुधा तिमाही चक्रवाढ असते. टपाल खात्याच्या राष्ट्रीय बचत पत्रावर ती वर्षाने असते. बँकेच्या कर्जावर २००२ सालच्या एप्रिलपासून रिझर्व्ह बँकेच्या सूचनेने महिन्याच्या महिन्याला व्याज लावतात, पण शेतीकर्जाला तो नियम लागू केला नव्हता. हातउसन्यात तर नुसतं «शेकडा दोन» म्हणतात. ते महिन्याचे दोन, म्हणजे वर्षाचे चोवीस. तोच माणूस बँकेत गेला की दोन टक्के वर्षाचे समजतो. म्हणून जुन्या माणसांनी द.सा.द.शे. लिहायची पद्धत ठेवली. पण द.सा.द.शे. १२ या अक्षरांतून फक्त दर कळतो. व्याजावर व्याज धरायचं का, हे त्यातून कळत नाही.

मुदतीचंही तसंच. तुम्ही «जून २०२१ पासून» लिहिलंत, «पर्यंत» लिहिलं नाही. दोन लाखांना सरळव्याजाने महिन्याला २,००० पडतात. जूनची पहिली धरली की शेवटची, एवढ्यानेच जवळजवळ दोन हजार इकडचे तिकडे होतात. दिवस मोजून काढलं तर १५ जून ते १५ जून तीन वर्षांचे १,०९६ दिवस भरतात, कारण २०२४ ला फेब्रुवारी २९ चा होता. त्या एका दिवसाचे ६६ रुपये. सहासष्ट रुपयांसाठी भावकीत बोलणं बंद झालेलं मी याच टेबलावर पाहिलं आहे, म्हणून विचारते. ग्राहकाला त्रास द्यायला विचारत नाही.

तुम्ही दुकानात सगळ्यांसमोर आवाज चढवलात, मुलगी रडत घरी गेली. तिला कामाला लागून चार महिनेच झालेत. याबद्दल मी काही म्हणत नाही, तुम्ही घाईत होतात. पण दोन्ही कागद शेजारी ठेवून मी समजावत होते तेव्हा तुम्ही मान हलवत होतात, आणि घरी जाऊन हे लिहिलंत, त्याचं वाईट वाटलं. आमच्याकडे येणारी माणसं हे वाचूनच येतात. या महिन्यात दोघांनी फोनवर तेच विचारलं, «तुम्ही व्याज वाढवता का?»

यापुढे सरळ की चक्रवाढ, किती महिन्यांनी आणि कुठपासून कुठपर्यंत, हे लिहून घेतल्याशिवाय आकडा द्यायचा नाही असं ठरवलं आहे. कागदाच्या वरच्या कोपऱ्यातही ते छापायचं बघते आहे. मुलीलाही सांगितलं आहे.

तुमचे १५० रुपये परत हवे असतील तर देईन, त्यावरून वाद नाही. «वाढवले» हा शब्द तेवढा काढावा, ही विनंती. तुमच्या मूळ कागदाची झेरॉक्स माझ्या खणात राहिली आहे, त्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारलेली. सवडीने घेऊन जा. दीड ते अडीच जेवणाची सुट्टी असते, एरवी मी इथेच आहे.