अस्तर पातळ, तरी पुन्हा रक्तस्राव

"आईची पाळी जाऊन सहा वर्षं झाली. मागे डाग दिसला तेव्हा सोनोग्राफीत गर्भाशयाचं अस्तर ३ मिमी होतं. आता पुन्हा दिसलाय. थांबावं का?"

थांबू नका, ताई. पहिल्या वेळी अस्तर ४ मिमी किंवा कमी असेल तर कर्करोगाची शक्यता १ टक्क्याहून कमी, म्हणून तेव्हा बायोप्सी टाळता येते. पण पुन्हा रक्त गेलं की तो आकडा बाजूला ठेवायचा, कारण सीरस प्रकारचा कर्करोग पातळ अस्तरातही वाढतो. आता बायोप्सी हवीच. ओपीडीत बारीक नळीने होते, पाळीसारखी कळ येते. मात्र नळीत अस्तराचा थोडाच भाग येतो, पॉलिप म्हणजे अस्तरावरची छोटी गाठ निसटू शकते. रिपोर्टमध्ये 'नमुना अपुरा' आलं तर ते नॉर्मल समजू नका. हिस्टेरोस्कोपीने, म्हणजे दुर्बिणीने गर्भाशयाच्या आत बघून नमुना घ्यायला सांगा.