खुलासा: तार तुटली म्हणजे लगेच सुरक्षित नाही

“अंगावरचं तार येणारं पाणी बंद झालं, की त्याच दिवसापासून गर्भ राहत नाही.”

सोलापुरातल्या बायकांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरणारा हा निरोप चुकीचा आहे, आणि तो पाळून नको असताना दिवस जाऊ शकतात. अंडाशयातून बीज सुटायच्या सुमारास इस्ट्रोजेन वाढतं. त्यामुळे योनीतून येणारा हा स्राव अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा निसरडा होतो, दोन बोटांत ताणला तर तुटत नाही. त्यात शुक्रजंतू पाच दिवसांपर्यंत जगतात. मात्र बीज कधीकधी स्राव घट्ट झाल्यावर एक-दोन दिवसांनीही सुटतं.

समजा, १२ ते १५ तारखेला तार आली आणि १६ला स्राव घट्ट, चिकट झाला. मग शेवटचा निसरडा दिवस १५. तो १५ होता हे १६ लाच कळतं! पुढचे तीन दिवस, १६, १७, १८, जोखमीचेच धरायचे. १९पासून मोकळीक.

अंगावर पाजणाऱ्या किंवा पीसीओएस असलेल्या बाईला ही खूण फसवते. खाज, दुर्गंधी, हिरवट रंग असेल तर तो संसर्ग, सिव्हिलला दाखवा.