६४६ रुपयांचा हिशेब: म्हापशाच्या काकांना उत्तर

मागच्या पोस्टमध्ये मी बेळगावच्या ऑफिस टूरबद्दल लिहिलं होतं: स्वतःच्या गाडीने गेले, खर्चाचा क्लेम भरला, पैसे ६४६ रुपयांनी कमी आले, म्हणून अकाउंट्सला सविस्तर ईमेल पाठवला. त्या पोस्टवर आलेली ही प्रतिक्रिया:

«ताई, पोस्ट वाचली. ६४६ रुपयांसाठी एवढा लांब ईमेल? मी तीस वर्षं अकाउंट्समध्ये काढली, असले ईमेल आम्ही उघडून ठेवायचो आणि विसरायचो. फोन उचलून ‘रक्कम कमी आलीय, जरा बघा’ म्हटलं असतं तर काम झालं असतं. त्यात हॉटेलचे ५९० जास्त आलेत हे स्वतःहून सांगायची काय गरज होती? आणि बेळगावातले ते २२ किलोमीटर सगळे कामाचेच होते का, हेही एकदा सांगून टाका.
– एक निवृत्त अकाउंटंट, म्हापसा»

काका, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. काल रात्री डायरी आणि मोबाइलमधले मीटरचे फोटो समोर घेऊन बसले. मंगळवारी संध्याकाळी काम संपल्यावर मी थेट हॉटेलवर गेले नव्हते. घरी न्यायला कुंदा घ्यायचा होता म्हणून बाजारात गेले होते, जाऊन-येऊन ६ किलोमीटर. गाडी माझी, कुंदा माझा, तेव्हा ते ६ किलोमीटरही माझेच. १२ रुपये दराने ७२ रुपये मी चुकून कंपनीकडे मागितले होते. आज सकाळीच अकाउंट्सला तसं कळवलं. सुधारलेला हिशेब खाली दिला आहे.

आता फोनचं. फोन मी केला होता, पोस्टमध्ये ते लिहायचं राहिलं. पलीकडच्या मुलाने आवाजही चढवला नाही की टाळाटाळ केली नाही. म्हणाला, ‘मॅडम, शीटमध्ये तेवढेच येतात.’ आणि त्याचंही खरंच होतं. त्याच्यासमोर एकच आकडा होता आणि माझ्याकडेही एकच: बँकेत जमा झालेले ४,२२४. आगाऊ घेतलेले ५,००० वजा करून मी ४,८७० मागितले होते. दोघांनीही आपापला आकडा सांगितला आणि फोन ठेवला. त्याने मान्य केलं असतं तरी फोनवरच्या बोलण्यावर पुरवणी व्हाउचर निघत नाही. व्हाउचरला मागे कागद लागतो, ऑडिटला तोच दाखवावा लागतो. हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता.

फोननंतर मी लगेच लांब ईमेल पाठवला नाही. आधी दोनच ओळी पाठवल्या: ‘क्लेम मंजूर झाला, त्याबद्दल आभार. मंजूर रकमेची बाबवार फोड मिळेल का?’ दुसऱ्या दिवशी स्क्रीनशॉट आला. हा टप्पा गाळला की पुढचं सगळं अंदाजाने लिहावं लागतं, आणि अंदाजाने लिहिलेला ईमेल आरोपासारखा वाचला जातो.

फोड येण्याआधी मी ६४६ या आकड्याशी थोडी झटापट करून पाहिली होती. तुमच्या पिढीनेच शिकवलेल्या युक्त्या आहेत त्या. फरकाला ९ ने पूर्ण भाग गेला तर आकड्यांची अदलाबदल झाल्याचा संशय घ्यायचा. म्हणजे ४,८७० च्या जागी ४,७८० टंकलं तर फरक ९० येतो. ६४६ ला ९ ने भाग जात नाही. दुसरी युक्ती: फरकाची निम्मी रक्कम एखाद्या बाबीशी जुळली तर ती बाब जमेऐवजी वजा झालेली असू शकते. निम्मे ३२३, माझ्या क्लेममध्ये असा आकडा कुठेच नव्हता. आमचा दैनिक भत्ता ६००, तोही जुळेना. ६४६ ला १२ ने भागून पूर्ण किलोमीटरही येत नाहीत. एकाच चुकीने हा आकडा तयार होत नाही, तेव्हा एकापेक्षा जास्त चुका एकमेकींत मिसळल्या असाव्यात, एवढं तेव्हाच लक्षात आलं. म्हणून नुसतं ‘६४६ कमी आलेत’ म्हणून भागणार नव्हतं. शोधणाऱ्याने दिवसभर शोधलं असतं तरी ६४६ त्याला कुठेच सापडले नसते.

फोड आली आणि तीन ओळींत तीन फरक निघाले.

पहिला किलोमीटरचा. त्यांनी पणजी ते बेळगाव १२६ धरले आणि दुप्पट करून २५२ केले. जाताना ते बरोबरच होतं: साखळी, केरी, चोर्ला घाट, जांबोटी, मीटरवर १२६. पण बुधवारी माझं काम खानापूरला आणि त्यानंतर रामनगरला होतं. रामनगरहून मागे वळून चोर्ल्याला येण्यात अर्थ नव्हता. अनमोड घाट उतरून मोले, फोंडा करत पणजीला आले, १५७ किलोमीटर झाले. टूर मंजुरीच्या अर्जात खानापूर आणि रामनगर दोन्ही लिहिलेले होते, पण क्लेमच्या फॉर्मवर ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ असे दोनच रकाने आहेत. त्यात मी ‘पणजी’ आणि ‘बेळगाव’ लिहिलं. समोरच्याने नकाशावरचं अंतर घेऊन दुप्पट केलं, त्याच्या जागी मीही तेच केलं असतं. बेळगावातलं स्थानिक फिरणं तर त्या दोन रकान्यांत बसतच नव्हतं, ते पूर्ण सुटलं. माझे ३०५ आणि त्यांचे २५२, फरक ५३ किलोमीटर, म्हणजे ६३६ रुपये.

दुसरा भत्त्याचा. आमच्या नियमात निघाल्यापासून २४-२४ तास मोजतात. उरलेले तास ६ पेक्षा कमी असतील तर काही नाही, ६ ते १२ असतील तर अर्धा भत्ता, १२ च्या वर गेले तर पूर्ण. सोमवारी सकाळी साडेसहाला निघाले, बुधवारी रात्री सव्वाआठला परतले. बुधवार सकाळी साडेसहापर्यंत दोन पूर्ण दिवस, त्यापुढे पावणेचौदा तास, म्हणजे तिसराही पूर्ण. १,८०० व्हायला हवे होते, मिळाले १,२००. का? फॉर्मवर मी परतीची वेळ ‘८.१५’ अशी लिहिली होती. त्यांनी ती सकाळची धरली. साडेसहा ते सव्वाआठ पावणेदोन तास, त्याला भत्ता शून्य. ही चूक माझ्या हाताने सुरू झाली. ईमेलमध्ये मी ‘वेळ माझ्याकडून अपुरी लिहिली गेली’ असंच लिहिलं आणि पुराव्याला फोंड्याच्या पेट्रोल पंपाची पावती जोडली, तिच्यावर बुधवारी संध्याकाळी सातनंतरची वेळ छापलेली आहे. तेव्हापासून मी २०:१५ असंच लिहिते.

तिसरा तुमच्या आक्षेपाचा, हॉटेलचा. खोलीचे रोजचे २,१००, दोन रात्रींचे ४,२००, वर ५ टक्के जीएसटी २१०, मिळून ४,४१०. मंजूर झाले ५,०००, कारण रोजची मर्यादा २,५०० आहे आणि शीटमध्ये प्रत्यक्ष खर्चाऐवजी मर्यादेचा रकाना उचलला गेला. ५९० जास्त.

हे का सांगितलं? काका, तुम्हीच बेरीज-वजाबाकी करून पाहा. किलोमीटरचे ६३६ आणि भत्त्याचे ६०० मिळून १,२३६ कमी आले होते. त्यातून हे ५९० वजा केले की ६४६ उरतात. ५९० लपवले असते तर मला १,२३६ मागावे लागले असते, आणि ते मिळाले असते तर मी ५९० रुपये फुकट घेतले असते. लपवून फक्त ६४६ मागितले असते तर माझ्याच कारणांची बेरीज माझ्याच मागणीशी जुळली नसती, आणि तपासणाऱ्याने पहिल्या मिनिटाला ईमेल बाजूला ठेवला असता. हिशेब खरा लिहायचा तर ती ओळ त्यात यायलाच हवी होती. शिवाय हॉटेलचं बिल त्यांच्याकडेच होतं. सहा महिन्यांनी ऑडिटमध्ये ते निघालं असतं तर वसुली पगारातून झाली असती आणि शीट भरणाऱ्या त्या मुलाला लेखी उत्तर द्यावं लागलं असतं. मला ते नको होतं.

लांबीबद्दल एक गोष्ट मान्य करते. पोस्टमध्ये मी ईमेल दिला त्यात चोर्ल्याचा आणि अनमोडचा रस्ता समजावून सांगणारा अख्खा परिच्छेद होता. अकाउंट्सला रस्ता नको असतो, मीटरचे आकडे हवे असतात. आज सकाळी तुमच्या प्रतिक्रियेनंतर जो ईमेल गेला तो लहान आहे. मूळ इंग्रजीत आहे, मराठीत असा:

«विषय: बेळगाव टूर क्लेम, मंजूर रकमेत दुरुस्तीची विनंती (आधीच्या ईमेलऐवजी हा धरावा)

नमस्कार. बाबवार फोड पाठवल्याबद्दल आभार. तिच्याशी ताडून पाहिल्यावर पुढील फरक दिसतात.

वाहन: मंजूर २५२ किमी, ३,०२४ रुपये. मीटरप्रमाणे ३०५ किमी. त्यातले ६ किमी खासगी होते, ते मी वगळले आहेत. देय २९९ किमी, ३,५८८ रुपये.
भत्ता: मंजूर २ दिवस, १,२०० रुपये. परतीची वेळ बुधवार २०:१५ अशी आहे, फॉर्मवर ती माझ्याकडून अपुरी लिहिली गेली. देय ३ दिवस, १,८०० रुपये.
हॉटेल: मंजूर ५,०००. बिल जीएसटीसह ४,४१० रुपयांचे आहे. देय ४,४१०.

एकूण देय ९,७९८. त्यातून आगाऊ घेतलेले ५,००० वजा करून ४,७९८. जमा झालेले ४,२२४. बाकी ५७४ रुपये.

सोबत: मीटरचे चार फोटो, टूर मंजुरीचा अर्ज, पेट्रोल पंपाची पावती, हॉटेलचे बिल. माझ्या मोजणीत काही चुकले असल्यास ती ओळ कळवावी.»

दुपारी त्याच मुलाचं उत्तर आलं. हॉटेलची ओळ त्याने आधी दुरुस्त केली आहे, मीटरचे फोटो त्याला पुरेसे आहेत, पेट्रोलच्या पावतीवर मात्र गाडीचा नंबर नाही, तेव्हा बुधवारी मी किती वाजता परतले याला माझ्या वरिष्ठांची सही लागेल. रास्त मागणी आहे. ती सही उद्या घेते, आणि ५७४ पुढच्या व्हाउचरमध्ये येतील असं तो म्हणतो.