नुसतं ‘इव्हॅल्युएट’

शाळेतून रिटायर झालं की पेपर तपासणं संपतं असं ज्यांना वाटतं त्यांच्याकडे बहुतेक व्हॉट्सॲप नसावं. माझ्याकडे आहे. आणि आमच्या जुन्या शाळेतल्या एका तरुण सरांकडे माझा नंबर आहे. बिचाऱ्यांना दहावीच्या पूर्वपरीक्षेच्या ऐन तोंडावर मतदार यादीची ड्युटी लागली, दिवसभर दारोदार फिरायचं आणि रात्री पेपर तपासायचे, मग त्यांना आठवल्या बाई. विज्ञान भाग 1, 40 मार्कांचा पेपर, गठ्ठा शाळेच्या कपाटात, आणि मला आले फोटो. एकामागून एक, धडाधड, भाजीच्या फोडणीत मोहरी तडतडावी तसे. सगळ्यात शेवटी मेसेज, ‘इव्हॅल्युएट’. बस. पुढे ‘प्लीज’ नाही, ‘बाई’ नाही, पूर्णविराम पण नाही.

मी लिहिलं, “कसं तपासू?” उत्तर आलं, अंगठा.

आता अंगठ्याचा अर्थ काय लावायचा? आमच्या वेळी गठ्ठा हातात यायचा तेव्हा सोबत प्रश्नपत्रिका असायची, नमुना उत्तरपत्रिका असायची, त्यात कुठल्या स्टेपला अर्धा, कुठल्या स्टेपला एक ते लिहिलेलं असायचं, आणि बोर्डाचे पेपर असले की परीक्षकाच्या डोक्यावर नियामक, त्याच्या डोक्यावर मुख्य नियामक, म्हणजे मनाला येईल तसं काही करायची सोयच नाही. इथे तर प्रश्नपत्रिकासुद्धा नव्हती. पण मुलांनी प्रश्न उतरवून घेतलेले दिसत होते, आणि त्यातलं एक गणित पाठ्यपुस्तकातलंच असल्याने मला झोपेतही येतं. बहिर्वक्र भिंगापासून 20 सेंमीवर वस्तू, उंची 5 सेंमी, नाभीय अंतर 10 सेंमी, तर प्रतिमा कुठे, केवढी, कशी? तीन मार्क.

उत्तर सोपं आहे. सूत्र 1/v − 1/u = 1/f, u म्हणजे वस्तूचं अंतर, v प्रतिमेचं, f नाभीय, वस्तू डावीकडे म्हणून u उणे, म्हणजे −20, f अधिक 10, मग 1/v = 1/10 − 1/20 = 1/20, v = 20 सेंमी. विशालन v/u म्हणजे −1, उंची −5 सेंमी, उणे म्हणजे उलट. प्रतिमा वास्तव, उलट, वस्तूएवढीच. मी माझ्यापुरती स्कीम मनात मांडली, सूत्राला अर्धा, चिन्हासकट किमती घातल्या तर अर्धा, v ला एक, उंचीला अर्धा, वास्तव आणि उलट म्हटलं तर अर्धा. झाले तीन. आणि मग पहिली उत्तरपत्रिका उघडली.

या मुलाने सूत्र बरोबर लिहिलं, u = 20 लिहिलं, उणे विसरला. पुढे मात्र पठ्ठ्याने आकडेमोड एकदम चोख केली, 1/10 + 1/20 = 3/20, v = 6.67 सेंमी, विशालन 0.33, उंची 1.67 सेंमी. म्हणजे चूक एकच, पण ती पहिल्याच पायरीवर, आणि मग तीच घेऊन तो शेवटपर्यंत प्रामाणिकपणे चालत गेला. आता मार्क किती? कडक तपासणारा म्हणेल उत्तर चूक, सूत्राचा अर्धा घे आणि गप घरी जा. मऊ तपासणारा म्हणेल चिन्हाचा अर्धा कापा, बाकी पद्धत बरोबर आहे, अडीच द्या. अर्धा की अडीच! एकाच मुलाचा, एकाच पानाचा, एकाच शाईतला हिशोब हा. आणि वर गंमत म्हणजे शेवटी त्याने लिहिलंय, “इमेज इज रिअल अँड उलटी.” सेमी इंग्लिशची मुलं, चालायचंच. पण त्याचं स्वतःचं विशालन अधिक आलंय, म्हणजे त्याच्याच गणिताप्रमाणे प्रतिमा सुलट यायला हवी, उलटी हे वाक्य पाठांतरातून येऊन चिकटलंय. आता हे वाक्य बरोबर धरायचं, का त्याच्याच आकड्यांशी भांडतंय म्हणून चूक? यावर शिक्षक खोलीत एक अख्खी मधली सुट्टी जाते, चहा गार होतो, आणि शेवटी दोन सर एकमेकांशी आठवडाभर बोलत नाहीत. मी काय एकटीने ठरवायचं?

दुसरी उत्तरपत्रिका बघून तर मी चष्मा काढून परत घातला. त्या मुलीने गणित केलंच नव्हतं! सरळ लिहिलं, f दहा आहे म्हणून 2F म्हणजे वीस, वस्तू 2F वर आहे म्हणून प्रतिमा पलीकडच्या 2F वर, म्हणजे 20 सेंमीवर, वास्तव, उलट, तेवढीच म्हणजे 5 सेंमी. खाली दोन रेषा मारून पुढचा प्रश्न. शंभर टक्के बरोबर. त्याच धड्यात वस्तूचं स्थान आणि प्रतिमेचं स्थान असा तक्ता आहे, पोरीने तो डोक्यात ठेवून दोन ओळीत काम उरकलं. माझ्या स्कीमने तिला मिळतात दोन, कारण सूत्र नाही, किमती घातल्या नाहीत. म्हणजे जिला धडा सगळ्यात चांगला कळला तिला चिन्ह विसरणाऱ्यापेक्षा कमी मार्क, जर त्याला मऊ आणि हिला कडक तपासलं तर. खरं सांगू का, मला तिला तीन द्यायचे होते आणि वर एक चॉकलेट. पण बोर्डात कुणी परीक्षक म्हणेल की ‘गणित सोडवा’ म्हटलं तर सोडवून दाखवा, मग पूर्वपरीक्षेतच तिला ही सवय लावायची की नाही? हे सरांनी ठरवायचं, त्यांची पोरं आहेत.

तिसरा मात्र निव्वळ फोटोचा बळी. उत्तर आलंय 20 सेंमी, बरोबर. पण वर लिहिलंय u = 20. उणे दिसत नाही. किंवा आहे, पण नेमकं कागदाच्या छापील निळ्या रेघेवर बसलंय. रेघ निळी, पेन निळं, व्हॉट्सॲपने फोटो दाबून दाबून असा पातळ केलेला की उणे आणि रेघ यात देवाला पण फरक कळणार नाही. आता तुम्ही म्हणाल उत्तर बरोबर आहे ना, मग उणे असणारच. तसं नाही हो! नववीत आरशाचं सूत्र असतं, 1/v + 1/u = 1/f, ते चुकून इथे वापरलं आणि u अधिक 20 घेतलं की 1/v = 1/10 − 1/20, उत्तर परत वीसच! दोन चुका एकमेकांना खाऊन टाकतात आणि वर बरोबर उत्तर तरंगतं. म्हणजे सूत्रातलं ते मधलं चिन्ह अधिक आहे की उणे, त्यावर सगळं अवलंबून, आणि नेमकी तिथेच सरांच्या अंगठ्याची सावली! मी झूम करून करून थकले, शेवटी ते एवढं मोठं झालं की नुसते चौकोन दिसायला लागले. सरांना सांगितलं, हा एक फोटो दिवसाउजेडी, वरून सरळ काढा आणि ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे दाबला जात नाही. परत अंगठा आला, पण या वेळी रात्री उशिरा शिपायाकडून काढून घेतलेला फोटो पण आला, ट्यूबलाइटमधला. चालला. उभी छोटी दांडी स्पष्ट दिसली. अधिक होतं ते. आरसा.

मग मात्र मी फोनच लावला. मागे कुणाच्या तरी दारात कुत्रं भुंकत होतं, सर यादी हातात घेऊन उभे असणार.

म्हटलं, “सर, तुमचा एक शब्द आला त्यात मी काय ते समजू? स्टेप मार्किंग करायचं ना?”

“हो बाई, करा ना, तुम्हाला माहितीच आहे.”

“मला माझी स्कीम माहिती आहे, तुमची नाही. चुकीचं चिन्ह पुढे नेलं तर पुढच्या स्टेपचे मार्क द्यायचे का?”

थोडा वेळ नुसतं कुत्रं. मग, “बोर्डाच्या आधी जरा जागं करायचंय बाई मुलांना, कडक तपासा.” मी म्हटलं बरं, मग दहा-बाराजणं 14 च्या खाली जातात, पेपरचे 35 टक्के 14 होतात. “अरे बापरे. मग जरा सांभाळून घ्या. म्हणजे कडक, पण नापास नको.” हे वाक्य मी नोकरीभर ऐकलंय आणि त्याची स्कीम आजपर्यंत कुणी लिहून दिली नाही. शेवटी घासाघीस करून असं ठरलं की पद्धत बरोबर असेल तर पुढच्या स्टेप्सचे मार्क मिळणार, चिन्हाचा अर्धा जाणारच, एकक नसेल तर v चा अर्धा जाणार, प्रतिमेचा प्रकार स्वतःच्या आकड्यांशी जुळला नाही तर त्याचा अर्धा नाही. म्हणजे पहिल्याला दोन. 2F वालीला तीन, पण “बोर्डात सूत्र लिही” असा शेरा. आरसेवाल्याला उंचीचा आणि प्रकाराचा मिळून एक, उत्तर बरोबर असूनसुद्धा, त्यावर सर हळहळले पण मान्य केलं. ‘कोणतेही पाच’ मध्ये ज्यांनी सात लिहिले त्यांचे सगळे तपासून सगळ्यात चांगले पाच धरायचे, आणि एकूण बेरजेत अर्धा उरला तर वर न्यायचा.

शेऱ्याची गोष्ट राहिलीच होती. फोटोवर मी लाल पेन कुठे चालवू? मी विचारलं नुसते मार्क पाहिजेत, का प्रत्येक प्रश्नाला एक ओळ, का पालकांना दाखवायला शेवटी एक शेरा. सर म्हणाले, “सगळंच द्या.” मी गप्प. ते लगेच समजले, हुशार आहेत तसे. मग ठरलं, जिथे मार्क गेले तिथे एक ओळ, नेमकी कुठली स्टेप चुकली ते, मुलाला कळेल अशा मराठीत, आणि ‘अभ्यास वाढवावा’ हे वाक्य कुठेही लिहायचं नाही. ही अट माझी. ते वाक्य मुलं वाचत नाहीत आणि वडील त्यावर मारतात, उपयोग शून्य. त्यापेक्षा ‘u ला उणे लाव, वस्तू भिंगाच्या डावीकडे आहे’ असं लिहिलं तर पोरगं निदान मूर्तीकडे बघितल्यासारखं त्या ओळीकडे बघतं तरी.

तपासून झालं, यादी पाठवली, सरांचा या वेळी अंगठ्यासोबत नमस्कार पण आला. लगेच भाग 2 चे फोटो सुरू. आणि मेसेज बघून मला खरंच भरून आलं, काय शिकले माणूस! “बाई, डॉक्युमेंट म्हणून पाठवतोय. स्टेप मार्किंग, आकृतीला दीड, नावांना दीड, स्ट्रिक्टनेस मध्यम, मार्क गेले तिथे एक ओळ मराठीत, अभ्यास वाढवावा नको.” सगळं, अगदी सगळं. फोटो स्वच्छ, सावली नाही, पानं क्रमाने. मी पहिलं पान उघडलं. प्र. 2 ब, 1) हो. 2) नाही, कारण वर दिल्याप्रमाणे. 3) आकृतीत ‘अ’ हे बरोबर आहे.

मुलांनी या खेपेला प्रश्न उतरवून घेतले नव्हते, आणि पेपर सरांनी स्वतः काढला होता, पाठ्यपुस्तकाच्या बाहेरचा. मी फोन लावला. उचलला तर मागे तेच कुत्रं.